अर्जाच्या ईमेलमधल्या पहिल्या तीन ओळी

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागला आहे. आमच्याकडे ज्यांचे हिशेब येतात त्यांत बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालवणारे आहेत, मार्केट यार्डातले हळदीचे अडते आहेत, कुपवाड एमआयडीसीतले लहान कारखानदार आहेत. यांच्यापैकी कुणाला हिशेबाला माणूस हवा असला की ते जाहिरात देतात, अर्ज त्यांच्या ईमेलवर येतात, आणि तिथून ‘जरा बघा बरं, यातलं कोण चालेल’ म्हणून माझ्याकडे. गेली नऊ वर्षं मी हे अर्ज वाचतेय. बाजूला पडणाऱ्या अर्जांत चांगली मुलं भरपूर असतात. जे हवं ते त्यांच्याकडे असतं, पण ते पत्राच्या चौथ्या परिच्छेदात असतं आणि तिथवर कुणी पोचत नाही.

म्हणून इथे एकाच कामाबद्दल लिहितेय. तुमचं अर्जाचं पत्र लांबलं असेल तर ते आवळून कोणत्या पदासाठी अर्ज आहे, सोबत काय जोडलंय आणि तुमची सर्वांत भक्कम पात्रता कोणती, या तीन गोष्टी पहिल्या तीन ओळींत कशा आणायच्या.

समोरच्याला आधी काय दिसतं

मालक अर्ज मोबाईलवर बघतो. सौदे चालू असतात, हमाल हाका मारत असतो, आणि मधल्या दोन मिनिटांत तो बोटाने यादी वर सरकवत असतो. त्या यादीत प्रत्येक ईमेलचं एवढंच दिसतं: पाठवणाऱ्याचं नाव, विषयातले पहिले पाच-सहा शब्द आणि मजकुराची सुरुवात, तीही ओळभर.

आता दहापैकी आठ अर्जांचा विषय असतो ‘नोकरीसाठी अर्ज’. मजकुराची सुरुवात असते ‘आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार, सर्वप्रथम आपण आपला…’ आणि पुढे टिंबं. आठही अर्ज दिसायला एकसारखे. कुठला उघडायचा हे ठरवायला मालकाच्या हातात काहीच नसतं, मग तो वरचे दोन-तीन उघडतो आणि बाकीचे राहून जातात.

पाठवणाऱ्याचं नावही एकदा तपासा. पुष्कळ मुलं भावाच्या नाहीतर वडिलांच्या खात्यावरून अर्ज करतात, आणि यादीत भलत्याचंच नाव दिसतं. बायोडाट्यावर जे नाव, तेच खात्याला असू द्या.

तासगावच्या मुलीचं पत्र

मागच्या वर्षी आमच्या शेजारणीची भाची तासगावहून आली होती. कुपवाडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये लेखा सहाय्यकाची जागा निघाली होती. जाहिरात चार ओळींची: ‘लेखा सहाय्यक पाहिजे. बी.कॉम., टॅली व जीएसटीचे ज्ञान आवश्यक. अनुभवी उमेदवारास प्राधान्य. बायोडाटा ईमेल करावा.’ पोरीने पत्र लिहून आणलं होतं, फोनवर. मी ते मोठ्या पडद्यावर घेतलं. साडेतीनशेच्या आसपास शब्द होते. तिला विचारून त्यातला काही भाग इथे देते:

> विषय: नोकरीसाठी अर्ज
>
> आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार. सर्वप्रथम आपण आपला बहुमूल्य वेळ काढून माझा अर्ज वाचत आहात याबद्दल मी आपली मनःपूर्वक आभारी आहे. मी तासगाव तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील असून मला लहानपणापासूनच आकडेमोडीची आवड आहे. माझे प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले. …
>
> मी अत्यंत प्रामाणिक, मेहनती व होतकरू असून कोणतेही काम शिकण्याची माझी तयारी आहे. …
>
> त्यानंतर मी एका कृषी सेवा केंद्रात काही काळ काम केले. तेथे मला बिलिंग, टॅली तसेच जीएसटीच्या कामाचा अनुभव मिळाला. …
>
> आपण मला संधी दिल्यास मी त्या संधीचे सोने करीन. सोबत बायोडाटा जोडला आहे.

मनापासून लिहिलेलं पत्र होतं, शुद्धलेखनही चांगलं. अडचण क्रमाची होती. ज्या पदासाठी अर्ज, त्याचं नाव पत्रात शोधावं लागलं; ते दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी सापडलं. जोडलेल्या फाइलचा उल्लेख अगदी शेवटच्या ओळीत. आणि तिची खरी ताकद ‘काही काळ’ आणि ‘तसेच’ या शब्दांखाली गाडलेली.

पहिली पायरी: जाहिरात कागदावर उतरवा

पत्राला हात लावायच्या आधी जाहिरात हाताने लिहून काढा आणि मागितलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर घ्या. इथे चार निघाल्या: बी.कॉम., टॅली, जीएसटी, अनुभव. मग आपलं पत्र वाचत जा आणि या चारांपैकी कशाचं तरी उत्तर देणाऱ्या शब्दांखालीच रेघ मारा. ‘आवड आहे’, ‘तयारी आहे’ याखाली रेघ येत नाही.

तिने रेघा मारल्या तेव्हा साडेतीनशे शब्दांत तीस शब्दसुद्धा भरले नाहीत. ती गप्पच झाली. मी म्हटलं, “अगं, हे वाईट नाहीय. उरलेलं काढायचं की ठेवायचं ते नंतर बघू. आधी या तिसांत काय दडलंय ते काढू.”

दुसरी पायरी: भक्कम पात्रता खणून काढा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पत्र छोटं करणं सोपं आहे, पण नुसतं छोटं केलेलं पत्र तेवढंच गुळगुळीत राहतं. ‘जीएसटीच्या कामाचा अनुभव’ हे शब्द मी शंभर अर्जांत वाचलेत आणि त्यातून मला काहीच कळत नाही. कुणी रोज बिलं करत असतो, कुणी नुसता पोर्टल उघडून बघितलेला असतो, दोघंही तेच लिहितात.

म्हणून रेघ मारलेल्या प्रत्येक जागी स्वतःला तीन प्रश्न विचारा: किती दिवस, किती काम, आणि नेमकं माझ्या हाताने काय झालं. आमचं बोलणं असं झालं.

“काही काळ म्हणजे किती गं?”

“दीड वर्ष, काकू. अठरा महिने.”

“बिलं किती व्हायची?”

“एरवी पंधरा-वीस. द्राक्षाची छाटणी झाली की औषधांना गर्दी, तेव्हा चाळीस-पन्नास. खताला पाच टक्के कर, औषधाला अठरा. एकाच बिलात दोन्ही यायचं.”

“आणि जीएसटीचं काय करायचीस?”

“दर महिन्याला विक्रीची माहिती काढून जीएसटीआर-१ तयार करून सीएंच्या ऑफिसला द्यायची, दहा तारखेच्या आत. आणि चौदाला टू-बी आलं की आमची खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवायची. जी दिसायची नाहीत त्या कंपनीला फोन लावायचा.”

हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जीएसटीआर-१ म्हणजे महिन्याच्या विक्रीचं विवरण. दरमहा भरणाऱ्यांना ते पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावं लागतं. जीएसटीआर-२बी म्हणजे आपल्याला माल विकणाऱ्यांनी जी बिलं दाखवली त्यांची यादी. ती १४ तारखेला पोर्टलवर तयार होते. खरेदीचं एखादं बिल त्या यादीत नसेल तर त्यावर भरलेल्या कराची वजावट अडकते, म्हणजे मालकाचे रोख पैसे अडकतात. जी मुलगी अठरा महिने टू-बी जुळवत होती आणि न दिसणाऱ्या बिलासाठी फोन लावत होती, ती कुठल्याही मालकाला पहिल्या दिवसापासून उपयोगाची. आणि हे पत्रात कुठे होतं? कुठेच नाही. ‘तसेच जीएसटीच्या कामाचा अनुभव’ एवढंच.

तिला वाटत होतं की आपली मोठी पात्रता म्हणजे बी.कॉम. प्रथम श्रेणी. साहजिक आहे, त्यासाठी तीन वर्षं घातलेली. पण त्या जागेला अर्ज करणारे बहुतेक सगळे बी.कॉम. असणार, आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाचेच. सगळ्यांकडे असणारी गोष्ट पात्रतेच्या यादीत हवी, पण पहिल्या ओळीचा मान तिला देऊ नका. जाहिरातीत मागितलेलं, इतरांकडे बहुधा नसलेलं आणि आकड्याने सांगता येणारं असं जे असेल ते सर्वांत भक्कम.

एक काळजी मात्र घ्या. क्रियापद खरं हवं. तिने आधी उत्साहाने ‘जीएसटी विवरणपत्रे भरली’ असं लिहिलं. मी थांबवलं. भरायचे सीए, ती तयार करून द्यायची. मुलाखतीत ‘पोर्टलवर कसं भरलंस, दाखव’ म्हटलं की अडचण होते, आणि मग खरं केलेलं कामही खोटं वाटायला लागतं. ‘तयार करून दिली’ यात कमीपणा काही नाही.

तिसरी पायरी: वरच्या ओळी नव्याने लिहा

जुनं पत्र कापत बसू नका. कोरं पान घ्या. जुन्यावर काम करताना प्रत्येक वाक्यात जीव अडकतो आणि हात आखडतो.

आधी विषय. त्यात पदाचं नाव जाहिरातीत आहे त्याच शब्दांत, आणि तेही सुरुवातीला. जाहिरातीत ‘लेखा सहाय्यक’ असेल तर तुम्ही ‘अकाउंटंट’ करू नका. एकाच वेळी दोन जागा निघाल्या असल्या तर अर्ज भलत्या ढिगात जातो. पदामागे एक-दोन शब्दांत पात्रता. जाहिरातीत विषय कसा लिहायचा हे सांगितलं असेल तर मुकाट्याने तसाच लिहा.

मग पहिली दोन वाक्यं: पद, जाहिरात कधीची, आणि सोबत काय जोडलंय. तिसरं वाक्य: भक्कम पात्रता. ‘नमस्कार’ एका शब्दात ठेवा, म्हणजे यादीत दिसणाऱ्या ओळीत पदाचं नाव बसतं. तासभर बसून तिचं पत्र असं झालं:

> विषय: लेखा सहाय्यक पदासाठी अर्ज – टॅली, जीएसटी, १८ महिने अनुभव
>
> नमस्कार,
>
> लेखा सहाय्यक पदासाठी (आपली रविवारची जाहिरात) अर्ज करीत आहे. बायोडाटा सोबत जोडला आहे, एक पीडीएफ, दोन पाने.
>
> तासगावातील कृषी सेवा केंद्रात १८ महिने टॅलीवर रोजची बिले केली, दरमहा जीएसटीआर-१ तयार करून दिले व खरेदीची बिले जीएसटीआर-२बी शी जुळवली.
>
> हंगामात दिवसाला ४० ते ५० बिले, त्यांत ५ व १८ टक्के अशा दोन्ही दरांचा माल असे. न जुळणाऱ्या बिलांचा पुरवठादारांकडे पाठपुरावा मीच करीत असे. शिक्षण बी.कॉम., प्रथम श्रेणी, शिवाजी विद्यापीठ, २०२२.
>
> तासगावहून रोज येणे-जाणे शक्य आहे व १ तारखेपासून रुजू होऊ शकते. मुलाखतीसाठी खालील क्रमांकावर संपर्क साधावा.
>
> आपली विश्वासू,

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. पत्र शंभर शब्दांच्या आत आलं.

मोबाईलवर ते उघडलं की न सरकवता तिसऱ्या ओळीपर्यंतचं सगळं दिसतं. मालकाने तिथेच फोन खिशात टाकला तरी त्याला कळलेलं असतं की कोण, कशासाठी, आणि काय येतं.

काय गेलं, काय राहिलं

आभाराचं लांब वाक्य गेलं. तिला ते उद्धट वाटत होतं, “काकू, असं एकदम कामाचंच बोलायचं?” असं तिने दोनदा विचारलं. मला तिचं म्हणणं समजतं. घरी पाहुणा आला की आधी पाणी देतो आपण, मग काम विचारतो. पण इथे वाचणाऱ्याचा वेळ वाचवणं हाच आदर आहे. आदर ‘नमस्कार’, ‘आपली’, ‘साधावा’ यांत पुरेसा येतो.

शेतकरी कुटुंबाचं वाक्यही गेलं, आणि ते काढताना मलाही वाईट वाटलं. मुलाखतीत ते आपोआप येतं. द्राक्षाच्या छाटणीचं आणि बेदाण्याच्या हंगामाचं बोलणं निघालं की समोरच्याला कळतं की ही यातलीच आहे. दहावी-बारावीचे टक्के बायोडाट्यात आहेतच. ‘प्रामाणिक, मेहनती, होतकरू’ पूर्ण काढलं, कारण न जुळणाऱ्या बिलाचा पाठपुरावा केला म्हटल्यावर मेहनत त्यात आली.

एक वाक्य उलट नव्याने घातलं: तासगावहून रोज येणे शक्य आहे. लहान गावाहून अर्ज आला की मालकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो फोन करून विचारत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो.

जोडलेली फाइल

‘सोबत जोडला आहे’ असं लिहून फाइल न जोडलेले अर्ज मला दर वेळी दोन-तीन तरी मिळतात. उपाय साधा आहे: फाइल आधी जोडा, मजकूर त्यानंतर, आणि ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता सर्वांत शेवटी. पत्ताच नसेल तर अर्धवट ईमेल चुकून जाणार नाही. जीमेलवर पाठवल्यावर काही सेकंद ‘Undo’ दिसतं; संगणकावर सेटिंगमध्ये जाऊन तो वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतो.

फाइल डाउनलोड केल्यावरही नावावरून ती कुणाची आहे ते कळलं पाहिजे. आमच्या ऑफिसच्या संगणकात एका वेळी `resume.pdf` नावाच्या सात फाइली असतात, शेवटी कुठली कुणाची ते उघडून बघावं लागतं. `Nav_Adnav_LekhaSahayak.pdf` असं ठेवा, पहिल्या दोन जागी तुमचं नाव आणि आडनाव.

वर्डची फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की मराठी अक्षरं कधी तुटतात, रकाने हलतात, म्हणून पीडीएफच. गुणपत्रिकांचे फोटो सुटे जोडू नका. मागितले नसतील तर नकोतच, मागितले असतील तर एकाच पीडीएफमध्ये घ्या. आणि ड्राइव्हची लिंक नको. पुष्कळदा ती फक्त स्वतःला दिसेल अशीच ठेवलेली असते, मालकाला परवानगी मागणारं पान दिसतं आणि तो तिथूनच मागे फिरतो.

पाठवायच्या आधी

पत्र आधी स्वतःलाच पाठवा आणि दुसऱ्याच्या फोनवर पाठवून यादीत कसं दिसतं ते बघा. मग ज्याला यातलं काही माहीत नाही अशा घरातल्या माणसाला फोन द्या, दहा सेकंदांनी परत घ्या आणि विचारा: कशाची नोकरी, सोबत काय आहे, मला काय येतं? तिच्या आईने दोन उत्तरं बरोबर दिली आणि तिसऱ्याला म्हणाली, “ते बिलं जुळवतेस ते.” म्हणजे जमलं. ‘काहीतरी हिशेबाचं’ असं उत्तर आलं असतं तर दुसरी पायरी परत करावी लागली असती.

अनुभव नसेल तर

नुकतेच पदवीधर झालेले विचारतात की आमच्याकडे पहिल्या ओळीत घालायला आहेच काय. जाहिरातीची यादी पुन्हा बघा. मराठी टायपिंग ४० शब्द प्रतिमिनिटाचं प्रमाणपत्र असेल आणि जागा पतसंस्थेतल्या लिपिकाची असेल, तर तीच भक्कम पात्रता. शेवटच्या वर्षाला एखाद्या दुकानाचे हिशेब घेऊन प्रकल्प केला असेल तर किती महिन्यांचे व्यवहार टॅलीत घेतले ते लिहा. घरच्या किराणा दुकानाची बिलं तुम्ही करत असाल तर तेही काम आहे. लाजू नका, फक्त ‘अनुभव’ न म्हणता ‘घरच्या दुकानाची बिले दोन वर्षे मी करते’ असं सरळ लिहा. काहीच नसेल तर पद, फाइल आणि शिक्षण एवढ्यावर थांबा. रिकामी जागा विशेषणांनी भरली की ती जास्त उघडी पडते.

दुसऱ्या जागेसाठी तेच पत्र नको

त्याच आठवड्यात तिला विट्याच्या एका दूध संकलन केंद्राची जाहिरात दिसली: बिलिंग क्लार्क, वेगाने काम करणारा हवा, सकाळची पाळी. तिने कोल्ड स्टोरेजचं पत्र उचलून नुसतं पद बदललं होतं. तिथे जीएसटीआर-२बी कुणी मागितलंच नव्हतं. वेग मागितला होता. मग तिसरी ओळ बदलून अशी केली: ‘कृषी सेवा केंद्रात १८ महिने काउंटरवर टॅलीवर बिले केली, हंगामात दिवसाला ४० ते ५०, सकाळच्या पाळीस वेळेवर हजर राहू शकते.’ टू-बीचं वाक्य खाली गेलं, शिक्षणाच्या शेजारी. विषयातलं ‘जीएसटी’ काढून ‘काउंटर बिलिंग’ घातलं, आणि फाइलचं नावही बदलायला लावलं, कारण त्यात अजून `LekhaSahayak` तसंच होतं.